भाजीचा रतीब: आठवड्याला एक टोपली घ्यावी की दोन?

सासवडजवळच्या शेतातून पुण्यात दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी आमची सेंद्रिय भाजी पोचते. चौकशी करणारे बहुतेक जण पहिल्यांदा भाव विचारतात. खरं तर आधी ठरवायचं ते वेगळंच: आठवड्यातून एकदा मोठी टोपली घ्यायची की दोनदा लहान, भाजी दारात हवी की जवळच्या पॉइंटवरून स्वतः उचलायची, आणि रतीब लावावा इतकी ताज्या भाजीची तुमच्या घराला गरज आहे का. काही घरांना ती नसते. त्यांनी मंडईतूनच आणावी, तेही पुढे येईलच.

चारही पर्याय आधी एका नजरेत:

| | शनिवारची एक टोपली | बुधवार व शनिवार, दोन टोपल्या | पॉइंटवरून उचल | मंडई |
|---|---|---|---|---|
| किती भाजी | 5 किलो व 4 जुड्या | प्रत्येकी अडीच किलो व 2 जुड्या | दोन्हींपैकी कोणतीही | हवी तेवढी |
| आठवड्याचा खर्च | 550 रुपये | 610 रुपये | टोपलीमागे 40 रुपये कमी | रोज बदलणारा |
| पालेभाजी किती दिवस पुरते | तीन ते चार दिवस | जवळजवळ आठवडाभर | टोपलीप्रमाणे | रोज आणाल तर रोज |
| निवड | नको असलेल्या तीन भाज्या वगळता येतात | तीच सोय | तीच सोय | पूर्ण तुमची |

एका टोपलीवाल्यांना शनिवारऐवजी बुधवारही घेता येतो. भाजी तीच आणि भावही तोच. शनिवारी निवडायला, सोलायला घरात दोन हात जास्त असतात, म्हणून बहुतेकांना तो दिवस बरा पडतो. शनिवार-रविवार गावी किंवा बाहेर असणाऱ्यांनी मात्र बुधवारच घ्यावा, नाहीतर मेथी सोमवारपर्यंत तशीच पडून राहते आणि मग दोष भाजीला येतो.

ताजेपणाचं घड्याळ शेतात सुरू होतं

भाजी दारात किती वाजता आली यावर तिचा ताजेपणा ठरत नाही. झाडापासून तुटली की तिचं वय सुरू होतं. आमच्याकडे दोन प्रकारची भाजी दोन वेगळ्या वेळी काढतात.

फळभाजीची तोडणी आदल्या दिवशी दुपारी साडेतीननंतर होते: भेंडी, गवार, घेवडा, वांगी, दोडका, कारली, टोमॅटो. ऊन उतरलं की फळाच्या पोटातली उष्णता कमी होते आणि क्रेटमध्ये एकावर एक पडूनही माल तापत नाही. भर दुपारी तोडलेली गवार क्रेटच्या मध्यभागी हात घातला तर गरम लागते, आणि तशी गरम राहिलेली शेंग दुसऱ्या दिवशी मऊ पडते. संध्याकाळी पाचला तोडलेली भेंडी सकाळी साडेसातला हडपसरला पोचते तेव्हा ती साडेचौदा तासांची असते. गाडीचा शेवट कोथरूडला होतो. तिथे अकरा वाजतात, म्हणजे अठरा तास.

पालेभाजी पहाटे साडेचारपासून, डोक्याला बॅटरी लावून कापली जाते. रात्रभरात मुळांनी ओढलेलं पाणी पानांत भरलेलं असतं, म्हणून पहाटेची जुडी ताठ असते. संध्याकाळची जुडी दिवसभराच्या उन्हाने आधीच थोडी मलूल झालेली असते. पहाटेच्या कापणीला एक अडचण आहे, दव. ओल्या पानांची जुडी घट्ट बांधून क्रेटमध्ये भरली की चार तासांत मधली पानं काळी पडायला लागतात. म्हणून कापलेला पाला अर्धा तास गोणपाटावर पसरून ठेवतात, झटकतात आणि मग सैल बांधतात. सव्वासहाला गाडी निघते. हडपसरला मेथी अडीच-तीन तासांची असते, कोथरूडला सहा तासांची.

आता मंडई. शेतकरी दुपारी-संध्याकाळी पाला काढतो, रात्री टेम्पो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचतो, पहाटे व्यवहार होतो, सकाळी किरकोळ विक्रेत्याच्या गाड्यावर माल लागतो. तुम्ही सकाळी सातलाच घेतलात तर ती जुडी पंधरा-सोळा तासांची. संध्याकाळी कामावरून येताना घेतलीत तर चोवीस तासांच्या पुढची. त्यात दिवसभर वरून पाणी शिंपडलेलं असतं. पानं वरून टवटवीत दिसतात आणि जुडीचा गाभा आतून तापत असतो. म्हणजे सकाळी लवकर मंडईत जाणाऱ्या माणसाला फळभाजीच्या बाबतीत आमच्यात आणि मंडईत फारसा फरक जाणवणार नाही. पालेभाजीत जाणवेल.

लाल भोपळा, सुरण, कांदा, बटाटा, कोबी, बीट यांना तर एक-दोन दिवसांनी काहीच होत नाही. तुमच्या घरात आठवड्यातले चार दिवस बटाटा, कोबी आणि उसळच होत असेल, मुलं पालेभाजीला हात लावत नसतील, तर ताजेपणासाठी रतीब लावण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे मेथी, शेपू, पालक, भेंडी, कोवळा घेवडा, मटार असं बरंच लागतं त्यांनी पुढे वाचावं. मटार आणि मक्याचं तर असं आहे, की तोडल्यापासून त्यातली साखर कमी होत जाते आणि पिठूळपणा वाढतो. पुरंदरचा वाटाणा नावाजलेला आहे, पण तोही दोन दिवस उन्हात पडला की आपली गोडी घालवून बसतो.

सेंद्रिय आणि ताजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगायला हवं. मॉलमधलं सेंद्रिय पाकीट चार दिवसांचं असू शकतं आणि गल्लीतल्या साध्या गाड्यावरचा पाला आज पहाटेचा.

भाजी ताजी आहे की नाही ते ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. भेंडीचं टोक वाकवलं तर टचकन तुटलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ती जून तरी आहे किंवा शिळी तरी. घेवड्याची शेंग मोडताना आवाज येतो. वांग्याचा देठ आणि टोपी हिरवी हवी. ती तपकिरी, सुरकुतलेली असेल तर वरची साल कितीही चकाकू दे, ते वांगं जुनं. मेथीच्या जुडीला खाली कापलेल्या ठिकाणी बघा: ताज्या कापाचा रंग फिकट हिरवा-पांढरा असतो, एका दिवसात तो तांबूस होतो. दुधीला नख सहज रुतलं पाहिजे, पण विक्रेत्याच्या डोळ्यांदेखत हा प्रयोग करू नका.

एकच आठवडा, दोन घरांत

आता मुख्य प्रश्न. डिसेंबरातली एक टोपली घेऊ, कारण तेव्हा माल सर्वात भरपूर असतो. चार माणसांचं घर आहे: दोघं नोकरीवाले, एक आजी, एक शाळकरी मूल. अशा घरात एका वेळच्या भाजीला चारशे-पाचशे ग्रॅम कच्चा माल लागतो. आठवड्यात चौदा जेवणं. त्यातली चार-पाच उसळ, पिठलं, खिचडी किंवा बाहेरच्या जेवणात जातात. उरलेल्या नऊ-दहा भाज्यांना साडेचार किलोच्या आसपास, आणि वरून कोशिंबीर-आमटीला टोमॅटो, गाजर, मुळा. म्हणजे 5 किलो आणि चार जुड्या हे माप अशा घराला बरोबर बसतं. दोघांच्या घराला ते जास्त होतं. त्यांनी अडीच किलोची एकच टोपली घ्यावी, 305 रुपयांची.

शनिवारच्या मोठ्या टोपलीत असतं: मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर अशी प्रत्येकी एक जुडी, टोमॅटो 1 किलो, मटार 1 किलो, वांगी, घेवडा, गाजर आणि फ्लॉवर अर्धा-अर्धा किलो, एक लहान कोबी आणि मुळ्याची पेंडी.

पहिल्या घरात ही अख्खी टोपली शनिवारी सकाळी येते. मटार त्याच दिवशी सोलायला हवेत. शेंगांसकट बाहेर ठेवले तर सोमवारपर्यंत गोडी उतरते. किलोभर शेंगांतून साधारण निम्मे दाणे निघतात. शनिवारी रात्री मूगडाळ घालून शेपू, रविवारी सकाळी मेथी, सोमवारी पालक. या क्रमात बदल करू नका, कारण तिघांत पालक जरा जास्त टिकतो आणि शेपू सर्वात आधी पिवळा पडतो. मंगळवारी फ्लॉवर-मटार, बुधवारी वांगं, गुरुवारी घेवडा, शुक्रवारी कोबी. गाजर आणि मुळा मधेमधे कोशिंबिरीला. आठवडा नीट पार पडतो, पण मंगळवारपासून पुढे घरात पालेभाजी नाही. आणि सोमवारी उशीर झाला, बाहेर जेवणं झालं, तर तो पालक बुधवारी फेकायच्या लायकीचा झालेला असतो.

दुसऱ्या घरात शनिवारी अर्धाच माल येतो: मेथी, कोथिंबीर, मटार, वांगी, फ्लॉवर, थोडे टोमॅटो. बुधवारी उरलेला: शेपू, पालक, घेवडा, गाजर, कोबी, मुळा, राहिलेले टोमॅटो. मेथी शनिवारी, शेपू बुधवारी, पालक शुक्रवारपर्यंत. पालेभाजी तेवढीच, पण ती आठवडाभर विभागून येते आणि प्रत्येक वेळी त्याच दिवसाची असते. फ्रिजमध्ये जागाही निम्मीच लागते. एका दाराच्या फ्रिजमध्ये 5 किलो भाजी आणि चार जुड्या कोंबल्या की खालचा पालक चेंगरून खराब होतो, हे कारण आम्हाला तक्रारींमधूनच कळलं.

आता पैसे. दोन टोपल्यांना आठवड्याला 60 रुपये जास्त, म्हणजे चार आठवड्यांना 240. हा फरक भाजीचा नाही, दुसऱ्या फेरीच्या गाडीचा आहे. एक टोपली घेणाऱ्याची आठवड्याला एक जुडी वाया गेली तरी चार आठवड्यांत शंभराच्या आसपास नुकसान होतं. म्हणजे नुसती नासाडी वाचवण्यासाठी दोन टोपल्या घेणं हिशेबात बसत नाही. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा पालेभाजी खाणारं घर असेल आणि ती बुधवारनंतरही हवी असेल, तरच दुसरी टोपली घ्या. ज्यांच्याकडे शनिवार-रविवारीच निवांत स्वयंपाक होतो आणि मधल्या दिवशी डाळ-भात, उसळ चालते, त्यांना एकच पुरते. आमच्या मते नवीन माणसाने एकापासून सुरू करावं.

मंडईशी भावाची तुलना एका ओळीत होत नाही. आमचा दर वर्षभर तोच राहतो. जानेवारीत मंडईत टोमॅटो, कोबी मातीमोल होतात तेव्हा आमची टोपली तुम्हाला स्पष्ट महाग पडेल. 2023च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरी ओलांडून गेला, तशा वेळी ठरलेला दर तुमच्या बाजूने असतो. पण तेव्हाही एक गोष्ट लक्षात घ्या: मंडईत टोमॅटो महागतो तो माल नसतो म्हणून, आणि तो आमच्या शेतातही नसतो. अशा आठवड्यात किलोऐवजी अर्धा किलो येतो आणि वजन दुधी किंवा दोडक्याने भरून निघतं.

टोपलीत काय येईल, काय येणार नाही

रतीबाविषयी सर्वात जास्त नाराजी भावावरून होत नाही. ती "पुन्हा दोडकाच?" यावरून होते. म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

जुलै-ऑगस्टमध्ये वेलभाज्यांचा जोर असतो: दोडका, कारली, पडवळ, काकडी, दुधी. तीन आठवडे सलग दोडका येऊ शकतो. याच काळात मेथी आणि कोथिंबीर झोडपणाऱ्या पावसात आडवी होते, पानांवर चिखल उडतो आणि जुडी एका दिवसात सडते. तेव्हा जुड्या अंबाडी, माठ, अळू, राजगिरा यांच्या असतात. ज्या घरात फक्त मेथी-पालकच चालतो त्यांनी पावसाळ्याचे दोन महिने थांबून सप्टेंबरअखेर सुरुवात करावी. मार्च संपला की उन्हाने पालकाला दांडा येतो, फुलोरा धरतो आणि पानं कडवट होतात. एप्रिल-मेमध्ये विहिरींचं पाणी खाली जातं, वाफे कमी होतात आणि चार जुड्यांऐवजी दोन-तीनच देता येतात. कमी पडलेल्या जुडीच्या बदल्यात अर्धा किलो गवार, भेंडी किंवा काकडी येते.

नको असलेल्या तीन भाज्या नोंदवता येतात, आणि ही यादी महिन्यातून एकदा बदलता येते. चातुर्मासात वांगी, कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांसाठी आषाढी एकादशीपासूनची नोंद वेगळी ठेवतो. ती तीनांत मोजत नाही. त्या घरांच्या टोपलीत वांग्याऐवजी घेवडा किंवा भोपळा जातो. ऋषिपंचमीच्या आधीच्या टोपलीत ऋषीच्या भाजीचा माल असतो: अळू, अंबाडी, लाल भोपळा, भेंडी, मका, सुरण. भोगीच्या आठवड्यात हरभऱ्याचे घाटे, पापडी, गाजर, वांगी, मटार. या दोन टोपल्यांत नावडत्या भाज्यांची यादी चालत नाही, कारण वाटण्या एकसारख्याच कराव्या लागतात.

किडीबद्दलही स्पष्ट बोलू. सेंद्रिय म्हणजे फवारणीच होत नाही असं नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क मारतो, चिकट सापळे लावतो. त्याने कीड आटोक्यात राहते, शून्य होत नाही. माठाच्या पानांना बारीक भोकं असतात. फ्लॉवरच्या तुऱ्यात हिरवी अळी निघू शकते: तुरे सुटे करून मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवले की ती बाहेर येते. वांग्याचं मात्र तसं नाही. शेंडा-फळ पोखरणारी अळी आत असते आणि बाहेरून सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसतं. कापल्यावर किडकं निघालेलं वांगं मोजून सांगा, पुढच्या टोपलीत तेवढं जास्त येतं.

प्रमाणपत्राचं विचारणारे विचारतातच, आणि विचारावंच. आपल्याकडे दोन मुख्य पद्धती आहेत. एनपीओपीमध्ये त्रयस्थ संस्था येऊन तपासणी करते. ती खर्चिक असते आणि मुख्यतः मोठ्या किंवा निर्यातीच्या मालासाठी वापरली जाते. पीजीएस-इंडियामध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. रासायनिक शेतीतून बाहेर पडण्याच्या काळात गटाला 'पीजीएस-ग्रीन' मिळतं आणि तो काळ पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक'. हे दोन शब्द वेगळे आहेत. ग्रीनचा कागद दाखवून "पूर्ण सेंद्रिय" म्हणणारा विक्रेता भेटला तर त्याला हाच प्रश्न विचारा. कागदावर शेतकऱ्याचं नाव, पिकं आणि मुदत असते. टोपलीत येणारी पिकं त्यात आहेत का ते ताडून पाहा. आमचा कागद मागितला की मिळतो, आणि महिन्यातल्या एका रविवारी शेत बघायलाही येता येतं.

दारात की पॉइंटवर

दारात घेतलीत तर भाजी प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये येते आणि पुढच्या फेरीला रिकामा क्रेट परत जातो. पॉइंटवरून घेणाऱ्यांनी आपल्या दोन कापडी पिशव्या आणायच्या, एक पालेभाजीला आणि एक बाकीच्याला. पॉइंट सकाळी आठ ते दहा उघडा असतो. साडेदहानंतर उरलेली टोपली परत गाडीत जाते, कारण तिथे सावली नाही.

यात खरा फरक 40 रुपयांचा नाही. टोपली आली त्या वेळी घरात कोण आहे, हा आहे. सकाळी आठला सगळेच बाहेर पडणारे असतील आणि क्रेट संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये राहणार असेल, तर पहाटे कापलेल्या मेथीचा काहीच फायदा उरत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या केबिनमध्ये चार तास म्हणजे फ्रिजमधले चार दिवस समजा. अशा घरांनी शनिवारी पॉइंटवरून घ्यावी, किंवा शेजाऱ्यांशी ठरवून ठेवावं. वॉचमनकडे ठेवायला सांगितलेल्या टोपलीतल्या पालेभाजीची तक्रार आम्ही धरत नाही.

घरात आल्यावर दहा मिनिटांचं काम आहे. जुडीची दोरी सोडा, पिवळी आणि चेंगरलेली पानं काढा, धुऊ नका. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. धुतलेला पाला प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला की दुसऱ्या दिवशी तो चिकट होतो, आणि पाला खराब होण्याच्या तक्रारींत हेच कारण सर्वात जास्त वेळा निघतं. कोथिंबीर मुळांसकट असते. पेल्यात बोटभर पाणी घेऊन त्यात उभी ठेवा. मुळा, गाजराचा पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि मुळा पोकळ, लवचीक होतो. टोमॅटो फ्रिजबाहेर. वांगी, भेंडी, काकडी यांना कडाक्याची थंडी सोसत नाही. वरच्या थंड कप्प्यात ठेवली तर वांग्याला खड्डे पडतात आणि भेंडी काळपट होते, म्हणून खालच्या कप्प्यात कापडात ठेवून ती दोन-तीन दिवसांत संपवावीत. केळी, पिकलेली पपई पालेभाजीजवळ नको. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

रतीब कसा लावायचा

आमच्या व्हॉट्सॲप नंबरावर एकाच मेसेजमध्ये एवढं पाठवा: नाव, सोसायटी किंवा गल्ली आणि पिनकोड, घरात जेवणारी माणसं किती, बुधवार-शनिवारपैकी कोणता दिवस, दार की पॉइंट, नको असलेल्या तीन भाज्या. सध्या गाडी हडपसर, मगरपट्टा, वानवडी, बिबवेवाडी, सहकारनगर आणि कोथरूड या वाटेने जाते. या वाटेपासून लांब असलेल्या सोसायटीत किमान आठ घरं एकत्र आली तर तिथे पॉइंट करता येतो.

पहिली टोपली नमुन्याची. तिचे पैसे तिच्यापुरतेच, पुढचं काही बंधन नाही. पटली तर चार आठवड्यांचे पैसे आगाऊ भरायचे: एका टोपलीचे 2,200 रुपये, दोनचे 2,440. क्रेटची अनामत 200 रुपये, रतीब बंद करताना परत. यूपीआयने पैसे पाठवताना समोर दिसणारं नाव आमच्या गटाचंच आहे ना ते बघा आणि मगच पिन टाका. "क्यूआर स्कॅन करून पैसे स्वीकारा" असं आम्ही कधीही सांगत नाही.

आगाऊ पैसे का, असं विचारतात. मेथी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांनी कापणीला येते, पालकाला तीस-पस्तीस दिवस लागतात, कोथिंबिरीला चाळीसच्या पुढे. पुढच्या महिन्यात किती जुड्या लागणार हे आज वाफे पाडताना ठरतं. त्यामुळेच एकदम तीस नवीन घरं घेता येत नाहीत. तुमचं नाव प्रतीक्षेत ठेवलं तर थांबण्याचा काळ साधारण पालकाच्या एका पिकाएवढा असतो. मधेच जागा झाली आणि तुम्हाला लगेच घेतलं, तर पहिल्या दोन टोपल्यांत जुड्या कमी आणि फळभाजी जास्त येईल.

खाडा करायचा असेल तर बुधवारच्या टोपलीसाठी सोमवारी रात्री आठपर्यंत आणि शनिवारच्या टोपलीसाठी गुरुवारी रात्री आठपर्यंत कळवा. ती टोपली पुढे सरकते, पैसे बुडत नाहीत. चार आठवड्यांत एकच खाडा. मुदतीनंतर कळवलंत तर तोडणीची यादी शेतात गेलेली असते आणि टोपली धरली जाते. ती तुमच्या ओळखीच्या कुणालाही देता येते.

आमच्या बाजूनेही खाडे होतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाट इतर वाहनांना बंद असतो. बोपदेव घाटाने गाडी काढता येते, पण वेळ दुप्पट लागतो. म्हणून तो दिवस बुधवार किंवा शनिवारी आला तर टोपली एक दिवस आधी पोचते. अनंत चतुर्दशीला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातले रस्ते भरवशाचे नसतात, तेव्हाही दिवस बदलतो. बदललेला दिवस चार दिवस आधी कळवतो. अतिवृष्टीने तोडणीच झाली नाही तर टोपली पुढच्या फेरीला जाते, आणि तेही शक्य नसेल तर रक्कम पुढच्या महिन्यात वळती होते.

तक्रार टोपली आल्यापासून सहा तासांच्या आत, फोटोसकट. दुसऱ्या दिवशीच्या फोटोवरून पाला शेतातून खराब आला की फ्रिजमध्ये झाला हे कुणालाच सांगता येत नाही. वजन कमी वाटलं तर घरच्या काट्यावर मोजून कळवा. पाच किलोच्या टोपलीत पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतात, कारण कोबी कापून वजन जुळवत नाही. त्याहून जास्त फरक निघाला तर तेवढी भाजी पुढच्या टोपलीत वाढवून येते.